पंधरा दिवस, एकच केबिन बॅग, आधी उकाडा मग गारठा: कपडे सुचवा

उनाड_पाऊल: पहिला आठवडा ३५-३८ अंश. दुसऱ्यात रात्री ६-८, वर वारा आणि भुरभुर पाऊस. बॅगेला मर्यादा ७ किलो, त्यात रिकामी बॅगच २.२. औषधं-चार्जर सव्वा किलो. कपड्यांना उरले साडेतीन. बजेट: नवा कपडा फक्त एक, बाकी घरातलंच. जाड जॅकेट घेऊ का?

गारठलेली_मैना: डोळे झाकून पिसांचं जॅकेट घ्या. माझं सहा वर्षं झाली तरी नव्यासारखं आहे. शिवाय मेरिनोचे दोन टीशर्ट आणि चांगले बूट.

उनाड_पाऊल: एकच कपडा म्हटलं होतं हो!

जुनी_वळकटी: भुरभुर पाऊस वाचलात ना? पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब गेली. शिवाय पहिला आठवडाभर ते जॅकेट नुसतं ओझं. घरात फ्लीस असेल तर त्यावर घालायला वारा-पाणी अडवणारं पातळ विंडचीटर घ्या. उकाड्यातले टीशर्ट गारठ्यात आतून चालतात. मात्र विंडचीटर फ्लीसवरून घालून, हात वर करून बघा. घट्ट बसलं तर आतला फ्लीस दबतो आणि थंडी वाजते.
चार टीशर्ट, दोन पँट पुरे, पण रात्रीत वाळल्या तर. आत्ताच एकेक धुऊन बघा. पिळा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर उभे राहा, मग पंखा न लावता वाळत घाला. सकाळी काख किंवा शिवण ओली लागली तर तो कपडा बाद.

दाबून_बसवा: हवा काढायच्या पिशव्या घ्या, अर्धी बॅग रिकामी होते. मी तीन स्वेटर नेले होते.

जुनी_वळकटी: जागा वाचते, वजन नाही. काट्यावर तीन स्वेटर तीनच भरतात.

सुतीप्रेमी: उकाड्यात सुतीसारखं सुख नाही. काय ते प्लास्टिकचे कपडे!

जुनी_वळकटी: दिवसा सुखच आहे. दमट हवेत रात्री वाळत घालून बघा.

चाकतुटके: पिसांच्या जॅकेटला +१. अवांतर: चाकांची बॅग घेऊ नका. माझं एक चाक दुसऱ्याच दिवशी निखळलं, पुढे सगळा प्रवास बॅग काखेत.

उनाड_पाऊल: परीक्षा घेतली. खेळायचे दोन टीशर्ट पास, सुती तिन्ही नापास. जीन्स दुसऱ्या संध्याकाळीही कमरेला ओलीच, वजन ७२० ग्रॅम. तरी नेतोय, प्रवासात अंगावर घालून. त्यात धुणार नाही. विंडचीटर राहिलं, एक जाड हुडी आवडली ती घेऊन टाकली.

जुनी_वळकटी: हुडीचं लेबल बघा. सुती असेल तर पावसात फ्लीसच वापरा.

उनाड_पाऊल: ८० टक्के सुती. फ्लीस भावाने नेलाय. छत्री घेतो.