अनुभव धागा : एक्स्पायरीला निफ्टीचं ऑप्शन सुटतं, शेअरचं गळ्यात पडतं

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. निफ्टीची कॉल एक्स्पायरीपर्यंत ठेवली तर दुसऱ्या दिवशी पैसे जमा होतात आणि विषय संपतो. मग शेअरच्या कॉलसाठी ब्रोकर आठवडाभर आधीपासून मेसेज का पाठवतो? ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. "मी किती कमावले" नको. नेमकं काय अडतं आणि ते कसं सोडवायचं, तेवढंच हवं.

दलाल_पेठेतला

सुरुवात मी करतो. फरक एका आकड्यात आहे. निफ्टीची 25,000 ची कॉल असेल आणि बंद भाव 25,040 आला, तर 40 गुणिले लॉट एवढे पैसे मिळतात. लॉट 65 चा धरला तर 2,600 रुपये, त्यातून थोडा एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, वजा. एवढंच. निर्देशांक कुणाच्या डीमॅटमध्ये टाकता येत नाही, त्यामुळे फक्त फरकाचे पैसे फिरतात.

आता रिलायन्सची 1,400 ची कॉल घ्या, लॉट 500 धरून. प्रीमियम 6 रुपये, म्हणजे खिशातून गेले 3,000. शेअर 1,408 ला बंद झाला. तुमच्या हिशेबात 8 गुणिले 500, म्हणजे 4,000 मिळणार. प्रत्यक्षात तुम्हाला 1,400 रुपयांनी 500 शेअर उचलावे लागतात. सात लाख रुपये भरा आणि 7,04,000 चा माल घ्या. डिलिव्हरीचा एसटीटी 0.1 टक्के, तोही स्ट्राइकच्या रकमेवर, म्हणजे 700 रुपये. प्रीमियम आणि एसटीटी जाऊन हातात 300 उरले, त्यात ब्रोकरचं डिलिव्हरीचं शुल्क अजून धरलेलं नाही. आणि शेअर विकायला मिळेपर्यंत भाव 15 रुपयांनी खाली गेला, तर 7,500 चा फटका वेगळा.

ऑक्टोबर 2019 च्या एक्स्पायरीपासून सगळ्या शेअर डेरिव्हेटिव्हना हाच नियम आहे. ज्यांनी त्याआधी काम केलंय त्यांच्या हाताला जुनी सवय असते, आणि बहुतेक चुका तिथूनच होतात.

थेट_डोंबिवली

पण ऑप्शन विकत घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच असतो ना? मग सात लाखांची भीती विकणाऱ्यालाच. शिवाय स्प्रेड केला असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना कापतात, काळजी कशाची?

आर्बी_काका

अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानंच माणूस अडकतो.

आधी स्प्रेड. 1,400 ची कॉल घेतली, 1,440 ची विकली. शेअर 1,450 ला बंद झाला तर दोन्ही आयटीएम, म्हणजे फायद्याच्या बाजूला. एकीकडून 500 शेअर यायचे, दुसरीकडून 500 जायचे, निव्वळ शून्य. स्प्रेडचे 40 रुपये मिळाले. बंद भाव 1,425 आला तर? विकलेली कॉल वाया गेली आणि घेतलेली उभी राहिली. आता सात लाखांची डिलिव्हरी तुमचीच. स्प्रेड कापला जातो तो भाव दोन्ही स्ट्राइकच्या एकाच बाजूला असेल तेव्हा. मधोमध अडकला की तो स्प्रेड राहत नाही. निफ्टीत भाव मधोमध असला तरी फक्त हिशेब होतो, म्हणून तिथं शिकलेला माणूस इथं गाफील राहतो.

आता "तोटा प्रीमियमपुरता". कॉलचं राहू दे, पुट घे. 1,400 ची पुट घेतलीस आणि शेअर 1,392 ला बंद झाला. पुट आयटीएम, म्हणजे तू 500 शेअर द्यायला बांधील. डीमॅटमध्ये नसतील तर ती शॉर्ट डिलिव्हरी, मग लिलाव. मधल्या काळात शेअर वर उसळला आणि लिलावात 1,434 ला मिळाला, तर तुला 1,400 मिळणार आणि 1,434 मोजावे लागणार. 34 गुणिले 500, सतरा हजार. लिलावाचा दंड धरलेला नाही. घेतलेल्या पुटमध्ये एवढा तोटा कुठल्याही पुस्तकी आलेखात दिसत नाही, कारण तो आलेख एक्स्पायरीच्या क्षणी थांबतो.

मार्जिनवाली

ते मेसेज का येतात, तेवढं सांगते. आयटीएम ऑप्शन घेतलेलं असलं तरी शेवटच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन लागतं. मंगळवारची एक्स्पायरी धरा. आधीच्या बुधवारी दिवसअखेर 10 टक्के, गुरुवारी 25, शुक्रवारी 45, सोमवारी 70. हे टक्के सात लाखांचे नाहीत, कॅश बाजारात त्या शेअरला लागणाऱ्या मार्जिनचे आहेत. ते साडेबारा टक्के धरलं तर सात लाखांवर 87,500 होतात. म्हणजे बुधवारी 8,750, गुरुवारी 21,875, शुक्रवारी 39,375 आणि सोमवारी 61,250. तीन हजारांच्या कॉलसाठी!

ही क्लिअरिंगची किमान मागणी. बहुतेक ब्रोकर एक्स्पायरीच्या दिवशी त्याहून बरंच जास्त मागतात, आणि खात्यात नसेल तर त्यांचा रिस्क विभाग दुपारी मिळेल त्या भावानं पोझिशन कापतो. त्यांची वेळ आपल्या वेळेशी जुळत नाही. ती ब्रोकरच्या पानावर लिहिलेली असते, आधीच पाहून ठेवा.

न्यू_जर्सीचा_पाव्हणा

इकडे एसपीवाय या फंडाच्या आणि एसपीएक्स या निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये हाच फरक आहे. एसपीएक्स रोखीत मिटतं. एसपीवायमध्ये 100 युनिट खरंच येतात. शिवाय एसपीवाय अमेरिकन पद्धतीचं असल्यामुळे लाभांशाच्या आदल्या दिवशीच विकलेली आयटीएम कॉल अंगावर येऊ शकते. तुमच्याकडे लाभांशाच्या आधी काय करता?

आर्बी_काका

पाव्हणं, आपल्याकडे शेअरची ऑप्शन्स 2011 पासून युरोपियन आहेत. मधेच कुणी एक्सरसाइज करू शकत नाही, तेव्हा ती रात्र सुखाची. पण तुमच्याकडे बाजार बंद झाल्यावरही "एक्सरसाइज करू नका" असं ब्रोकरला कळवता येतं. आपल्याकडेही तशी सोय होती, ती बंद झाली. आता आयटीएम म्हणजे आयटीएम, पाच पैशांनी असलं तरी.

वीडब्ल्यूएपी_वेडा

पाच पैशांवरून. कुठला भाव धरतात हेच लोकांना माहीत नसतं. स्क्रीनवरचा शेवटचा सौदा धरत नाहीत. 3:00 ते 3:30 मधल्या सगळ्या सौद्यांची, संख्येनुसार सरासरी, तो बंद भाव. निर्देशांकाचा बंद आकडाही त्यातल्या शेअरच्या याच भावांवरून निघतो.

समजा पहिली वीस मिनिटं शेअर 1,404 च्या आसपास आणि शेवटची दहा मिनिटं 1,397 ला. दर मिनिटाला सारखेच सौदे झाले असं धरलं तर सरासरी 1,401.67. साडेतीनला स्क्रीनवर 1,397 दिसतंय, माणूस म्हणतो "कॉल वाया गेली, सोडून दे". ती वाया गेलेली नाही. आयटीएम आहे, सात लाख काढून ठेवा. मिळणारे 1.67 गुणिले 500, म्हणजे 835 रुपये. त्यातले 700 एसटीटीत गेले आणि हातात 1,397 चा माल 1,400 ला आला.

3:15 पासून शेवटचा भाव बघू नका, 3:00 पासूनची सरासरी बघा. चार्टवर या सरासरीचा वीडब्ल्यूएपी लावलात तर तो सकाळपासूनचा असतो, तो इथं कामाचा नाही. त्याची सुरुवात 3:00 ला बांधा.

(सेबीनं क्लोजिंग ऑक्शन आणायचं ठरवलंय. ते लागू झालं की हे गणित बदलेल, तेव्हा ते लागू झालंय का ते आधी पाहा.)

थेट_डोंबिवली

मग 3:20 ला विकून टाकायचं. पण खोलवर आयटीएम असलं की खरेदीदारच नसतो. 40 रुपये किमतीच्या कॉलला 36 ची बोली दिसते.

दलाल_पेठेतला

ती बोली मुद्दाम खाली असते. घेणाऱ्यालाही सात लाख, एसटीटी आणि रात्रीची जोखीम घ्यायचीय. ते सगळं तो तुमच्याकडून वसूल करतो.

वाट एक आहे. त्याच महिन्याचा एक लॉट फ्युचर विका. कॉलमधून 500 यायचे, फ्युचरमधून 500 जायचे, निव्वळ शून्य. फ्युचरमध्ये बोली आणि मागणीत अंतर अगदी थोडं असतं, त्यामुळे 36 ऐवजी 39 च्या आसपास हाती लागतं. फ्युचरचं मार्जिन तेवढं तयार हवं, आणि निव्वळ झालेल्या डिलिव्हरीवरही ब्रोकर काही आकारतो का ते विचारून घ्या. पुट असेल तर उलट, फ्युचर घ्यायचा.

आर्बी_काका

दलालसाहेब, याला एक अट जोडा, नाहीतर कुणीतरी मरेल. ही युक्ती खोल आयटीएमलाच. स्ट्राइक 1,400 आणि भाव 1,403 असताना फ्युचर विकलात, शेवटच्या दहा मिनिटांत सरासरी 1,399 वर आली, तर कॉल वाया गेली आणि विकलेला फ्युचर तसाच राहिला. तोही डिलिव्हरीचाच. आता शेअर नसताना 500 द्यायचे, म्हणजे थेट लिलावाच्या दारात. स्ट्राइकच्या जवळ असाल तर बोली कितीही वाईट असो, ऑप्शनच विका. दोन रुपये सोडा.

नाशिककर_आत्या

माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्याकडे शेअर आहेत आणि त्यांवर कॉल विकलेली आहे. आयटीएम झाली तर शेअर द्यायला माझी हरकत नाही. पण ते मार्जिनसाठी तारण ठेवलेत. आपोआप जातील का?

मार्जिनवाली

आत्या, आपोआप जातील असं धरू नका. तारणातले शेअर आधी सोडवावे लागतात, आणि सोडवलेत की त्यांच्यावर मिळालेलं मार्जिन कमी होतं, तेव्हा तेवढी रोख आधी भरा. दोन-तीन दिवस आधी तारण सोडवण्याची विनंती टाका. दुसरं, डीडीपीआय, म्हणजे ब्रोकरला शेअर काढायची कायमची परवानगी, दिलेलं नसेल तर टीपिन टाकून परवानगी द्यावी लागते. ती राहिली तर शेअर डीमॅटमध्ये असूनही शॉर्ट डिलिव्हरी होते. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावरचे शेअर चालत नाहीत, ज्या खात्यात कॉल विकलीय त्याच खात्यात हवेत.

नाशिककर_आत्या

डीडीपीआय दिलेलं नाही. उद्याच फॉर्म भरते.

थेट_डोंबिवली

शेवटचं. पुट आयटीएम आहे आणि शेअर नाहीत. एक्स्पायरीच्याच दिवशी 500 शेअर डिलिव्हरीत घेतले तर ते वेळेवर पोचतील का?

आर्बी_काका

कागदावर पोचायला हवेत.

मार्जिनवाली

मी तरी त्यावर विसंबणार नाही. समोरच्यानं शेअर दिलेच नाहीत तर तुमच्याकडे येणार नाहीत, आणि तुमचं देणं मात्र उभंच. काही ब्रोकर अशी खरेदी त्या पुटशी जोडतच नाहीत. लेखी विचारा.

दलाल_पेठेतला

माझ्या ब्रोकरकडे जोडतात. पण 3 च्या आत घ्यायला सांगतात, कारण विचारलं तर "सिस्टिम" एवढंच. कुणाकडे याचं नेमकं उत्तर असेल तर लिहा.