नकाराचा मेल, पण कारणासकट: तुमचे अनुभव सांगा

सुमेधा_क: भाचीला काल मेल आला, 'तुमची प्रोफाइल उत्तम आहे, परंतु...' पुढे काहीच नाही. बिचारी दिवसभर विचारतेय, मग नडलं कुठे? त्यावरून मी एका डेटा अ‍ॅनालिस्टला पाठवलेला मेल आठवला. जपून ठेवलाय, मधला भाग देते:

"या पदासाठी आम्ही तुमची निवड केलेली नाही. ऑर्डर आणि पेमेंटची टेबलं तुम्ही पटकन जोडलीत. पण एका ऑर्डरची दोन पेमेंट्स होती, तिथे ऑर्डरची रक्कम दोनदा मोजली गेली. बेरीज बरोबर आहे हे कसं तपासाल, असं विचारल्यावर तुम्ही क्वेरीच नव्याने लिहायला घेतलीत. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजून पाहिल्या असत्या तर चूक तिथेच सापडली असती. आमच्याकडे हे रोजचं काम आहे, म्हणून निर्णय यावर झाला."

त्याचं उत्तर आलं, "पटलं नाही, पण कळलं."

बंड्या७७: मी आधी कौतुक, मग दोष, शेवटी परत कौतुक असं लिहितो. कोणी दुखावत नाही.

आरती_एचआर: बंड्या, दुखावत नाही कारण कळतच नाही! अशाच एका मेलवर उमेदवाराने रुजू कधी व्हायचं म्हणून विचारलं होतं. निकाल पहिल्या दोन ओळींत हवा. सुमेधा, तुझ्या मेलमध्ये प्रश्न, त्याने काय केलं आणि काय अपेक्षित होतं, तिन्ही आहे. हे मुलाखत चालू असतानाच्या टिपणांतूनच येतं, आठवड्याने आठवून लिहिलं की 'जरा कमी वाटला' एवढंच उरतं. आणि 'दुसरा उमेदवार सरस होता' लिहू नये, त्यात त्याने सुधारायचं काय?

निशिगंध: मला 'आत्मविश्वास कमी' असं आलेलं. वाचून होता तोही गेला 😂

आरती_एचआर: अगं, तो शेरा झाला. 'बरोबर उत्तर आम्ही विचारताच बदललंत' असं लिहिलं असतं तर कामाचं होतं.

दादासाहेब: मलाही ऑफर नाकारायची आहे. मेल लांबलचक लिहू की थोडक्यात?

बंड्या७७: दादा, उलटी गाडी. इथे कंपनी नाकारतेय 🙏

दादासाहेब: असू दे, मजकूर तर सारखाच की!

मंदार_प: आमचं लीगल कारण लिहूच देत नाही, भेदभावाचा दावा होईल म्हणून. फोनवर सांगतो.

सुमेधा_क: फोनवर माणूस वाद घालतो आणि आपण काहीतरी भलतंच कबूल करून बसतो. मंदार, फक्त कामाशी संबंधित, डोळ्यांसमोर घडलेलं लिहिलं तर चालेल का, विचारून बघ.

मंदार_प: विचारलं होतं. 'बघू' म्हणाले.

निशिगंध: आणि जागा आतल्याच माणसाला द्यायचं आधीच ठरलेलं असेल तर?

आरती_एचआर: तर खोटा दोष काढू नये, एवढं नक्की. खरं लिहायचं की गप्प बसायचं, यावर आमच्याच टीममध्ये एकमत नाही.

बंड्या७७: कुकर झाला, येतो.