मदत हवी आहे: ‘मेड’नंतर ‘टू’ नको, मग ‘वॉज मेड’नंतर का हवा?

कोथरूडची_आई
मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजी. दोन आठवड्यांपूर्वी तिने वहीत लिहिलं होतं, ‘माय ब्रदर मेड मी टू क्लीन द सायकल’. बाईंनी ‘टू’ खोडला. काल व्हॉइस बदलायचा होता, मूळ वाक्य ‘द टीचर मेड हिम राइट द आन्सर अगेन’. तिने आठवणीने ‘टू’ टाळून ‘ही वॉज मेड राइट द आन्सर अगेन’ लिहिलं, तर बाईंनी लाल पेनाने मध्ये ‘टू’ घातला. पोरगी रडकुंडीला आली आहे. एकाच वहीत एकदा खोडला, एकदा घातला. मला नीट समजावता येईना. कुणी सांगेल का?

हिंजवडी_शिफ्ट
ताई, माझाही असाच गोंधळ होतो. मी मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ लिहिलं तर लीडने ‘हिअरिंग’ केलं. म्हणजे ‘हिअर’च्या आधी ‘टू’ चालत नाही, असंच ना?

जुना_मास्तर
हिंजवडी, तुमचं प्रकरण वेगळं. तिथला ‘टू’ ‘फॉरवर्ड’च्या पाठोपाठ येतो, त्याच्यापुढे नामासारखं रूप लागतं. ‘हिअर’ऐवजी ‘मीट’ असतं तरी ‘मीटिंग’च झालं असतं.

ताई, बाई दोन्ही वेळा बरोबर आहेत. आधी पहिली चूक बघू. आपण मराठीत ‘सायकल पुसायला लावली’ म्हणतो. तो ‘-आयला’ कानात असतो आणि त्याचा ‘टू’ होऊन कागदावर उतरतो. ‘लेट’ला सहसा असं होत नाही, कारण ‘मला जाऊ दे’ यात ‘-आयला’ नाहीच. माझ्या वर्गात ‘लेट मी टू गो’ क्वचित दिसायचं, ‘मेड मी टू’ मात्र रोज.

आता कालचं वाक्य. ‘मेड हिम राइट’ यात ‘मेड’ आणि ‘राइट’ यांच्यामध्ये ‘हिम’ बसलेला आहे. व्हॉइस बदलला की तो ‘ही’ होऊन वाक्याच्या सुरुवातीला जातो आणि दोन क्रियापदं एकमेकांना भिडतात. तिथे ‘टू’ येतो: ‘वॉज मेड टू राइट’. ‘सी’, ‘हिअर’चंही तेच. ‘दे सॉ हिम एंटर’, पण ‘ही वॉज सीन टू एंटर’. मुलीला सांगा, मधला माणूस उठून पुढे गेला की त्या जागी ‘टू’ बसतो.

पेठेतला_वाचक
सर, ‘मेड मी टू’ चूक कसं? बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात स्तोत्र 23 मध्ये ‘ही मेकेथ मी टू लाय डाउन’ आहे.

जुना_मास्तर
आहे, आणि त्या काळी ते बरोबरच होतं. पण ते भाषांतर 1611 चं. आजच्या इंग्रजीत कर्तरी वाक्यातला तो ‘टू’ गेला, कर्मणीतला राहिला. परीक्षेत आजचंच इंग्रजी लिहायचं.

अनुवादक_औंध
मास्तर, मधल्या माणसाची खूण मुलांना छान लक्षात राहील, पण ‘हेल्प’ला लावू नका. ‘शी हेल्प्ड कॅरी द बॅग’ यात मध्ये कुणीच नाही, तरी ‘टू’ नाही आणि वाक्य शुद्ध आहे. ‘हेल्प्ड हिम कॅरी’ आणि ‘हेल्प्ड हिम टू कॅरी’, दोन्ही चालतात. अमेरिकी लिखाणात ‘टू’शिवायचं जास्त दिसतं. कर्मणीत मात्र ‘ही वॉज हेल्प्ड टू स्टँड’ असा ‘टू’ लागतोच.

आणि ‘सी’बद्दल एक. ‘आय सॉ हिम क्लाइम्ब पर्वती’ म्हटलं, तर तो वर पोचेपर्यंत मी पाहिलं. ‘सॉ हिम क्लाइम्बिंग’ म्हणजे मी बघितलं तेव्हा तो पायऱ्यांवर होता. पुढे मंदिरापर्यंत गेला की मधूनच उतरला, ते वाक्य सांगत नाही. आपलं ‘चढताना पाहिलं’ या दुसऱ्याला जुळतं, म्हणून आपली मुलं सगळीकडे ‘-इंग’ लावतात. वाक्य शुद्ध असतं, अर्थ मात्र कधीकधी निसटतो.

जुना_मास्तर
‘हेल्प’चं मान्य. माझी खूण ‘मेक’ आणि पाहण्या-ऐकण्याच्या क्रियापदांपुरतीच ठेवा.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. मधला माणूस पुढे गेला की ‘टू’, हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. लगेच पाच वाक्यं सोडवली, चार बरोबर आली. पाचव्यावर अडलो आहोत: ‘दे डिड नॉट लेट अस गो इन’. तिने ‘वी वेअर नॉट लेट टू गो इन’ लिहिलंय. कानाला विचित्र लागतंय.

जुना_मास्तर
ते चूकच. ‘लेट’ला कर्मणीत सहसा नेत नाहीत, क्रियापदच बदलतात: ‘वी वेअर नॉट अलाउड टू गो इन’.

अनुवादक_औंध
पण ‘लेट’ कर्मणीत येतच नाही असं नाही. नोकरीवरून काढलं तर ‘ही वॉज लेट गो’ सर्रास म्हणतात, तेही ‘टू’शिवाय. ‘वी वेअर नॉट लेट इन’ही चालतं, कारण त्यात ‘गो’च नाही. मी तिला हेच लिहायला सांगेन.

जुना_मास्तर
शुद्ध आहे, पण मूळ वाक्यातलं ‘गो’ गाळलं म्हणून पेपर तपासणारा मार्क कापू शकतो. मी ‘अलाउड’वरच राहीन.

कोथरूडची_आई
दोन्ही उत्तरं वहीत लिहून ठेवते. सोमवारी बाईंना विचारून इथे कळवते.