फिरत्या माणसाकडचं केसर अन् काबुली हिंग घ्यावा का? भाव बरोबर हाय का?

वऱ्हाडी_सुगरण: नमस्कार मंडळी, आमचं गाव दारव्ह्याकडं, किराणा म्हणजे आठवडी बाजार अन् गावातलं एक दुकान. सध्या एक माणूस दारोदार फिरून राह्यला, त्याच्याजवळ केसर एक ग्रॅमची डबी १५० ले, अन् असली काबुली हिंग म्हणून डिखळं, १०० ग्रॅम ३०० ले. सुनेले सातवा लागला, दुधात टाकाले केसर पाहिजे अन् पुढं लोणच्याले हिंग लागतोच. चिमूटभर केसर अन् हिंगाचा एक खडा नमुना म्हणून देऊन गेला, बाजाराच्या दिवशी पुन्हा येतो म्हणे. खरं खोटं कसं पाहावं अन् किती पैसे द्यावं?

पक्का_खवय्या: सोपं आहे ताई, केसर पाण्यात टाका, रंग सोडला की नकली समजा. अन् हिंग चमच्यात धरून जाळा, कापरासारखा पेटला तर असली, नाही पेटला तर भेसळ. आमच्या घरी दुकानातली डबी पेटली नाही म्हणून मी ती सरळ फेकायला लावली.

इतवारीचा_किराणा: खवय्या भाऊ, डबी उगाच गेली तुमची. आमचं घर नागपूरच्या इतवारीत मसाल्याच्या धंद्यात आहे म्हणून जरा लांब लिहितो. डबीतला पिवळा हिंग हा बांधणी हिंग असतो, म्हणजे हिंगाच्या चिकात मैदा नाहीतर तांदळाचं पीठ अन् डिंक घालून केलेला, पाकिटावर मागं तसं लिहिलेलंही असतं. निव्वळ चीक इतका उग्र की फोडणीत चुटकी जास्त पडली तर वरण कडू होईल, म्हणून बांधणी वापरणं ही फसवणूक नाही, कायद्यानं चालतं. पीठ असल्यामुळं तो कापरासारखा पेटणारच नाही, पाण्यात टाकला तर खाली गाळही बसेल. तुमच्या जाळण्यानं एवढंच कळतं की खडा निव्वळ आहे की बांधणी, बांधणी चांगला की वाईट ते त्यानं कळत नाही. फसवणूक कुठं, तर बांधणी हिंग 'असली काबुली' म्हणून निव्वळच्या तोऱ्यात विकला तिथं.

केसरचंही उलटं सांगितलंत, रंग तर खरं केसरही सोडतं. पाहायचं असतं ते कसं सोडतं. ताई, पांढऱ्या बशीत थंड पाणी घ्या, चार-पाच काड्या टाका अन् पंधरा मिनिटं हात लावू नका. खरं असेल तर सोनेरी पिवळा रंग हळूहळू काडीभोवती पसरतो अन् काडी लालच राहते. रंगवलेलं असेल तर टाकल्या टाकल्या लाल-नारिंगी रंगाचा धूर निघतो अन् काडी पांढुरकी पडते. भिजल्यावर काडी उलगडून बघा, खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं. जिभेवर ठेवली तर कडवट लागली पाहिजे, गोड लागली तर साखरेचा पाक चोळून वजन वाढवलंय. कोरड्या काड्या कागदात दाबून बघा, तेलकट डाग पडला तर तेल चोळलंय.

काळी_माती_यवतमाळ: केसरचा विषय निघालाच तर मले पण सांगा, आमच्या इकडं एकजण अमेरिकन केसरचं बी विकून राह्यला, एकरी लाखोंचं उत्पन्न म्हणतो, कपाशीले कंटाळलो बा. विदर्भात येते का हे?

इतवारीचा_किराणा: येते भाऊ, जोरात येते, कारण ती करडई आहे. आपल्या आजोबांनी लावली तीच, फक्त नाव नवं. खरं केसर कंदापासून होतं, बी लावून नाही, अन् त्याला थंडी पाहिजे, काश्मिरात पांपोरकडं होतं. ताई, ह्याच्यामुळं तुमची परीक्षाही सोपी होते. करडईच्या पाकळ्याच केसर म्हणून खूप खपवतात, अन् ते आपल्या माणसाला चटकन ओळखू येतं. भिजवली की बारीक नळी दिसते अन् वरच्या टोकाला ती पाच भागात फाटलेली असते.

काळी_माती_यवतमाळ: अरे देवा. बरं झालं विचारलं, पैसे अजून दिले नाही.

पक्का_खवय्या: मग खायचा सोडा टाकून बघायचं ते? खरं केसर पिवळं राहते अन् नकली लाल होते म्हणतात.

इतवारीचा_किराणा: काही रंगांना लागू पडतं, सगळ्यांना नाही, भरवसा ठेवू नका. खरं सांगायचं तर बशीही सगळं पकडत नाही. केसरच्या काडीखाली फिकट पिवळा देठ असतो, तो लाल रंगवून मिसळला तर फुलाचाच भाग असल्यामुळं हाताला लवकर सापडत नाही. देठ काढून नुसती लाल टोकं ठेवतात त्याला मोगरा म्हणतात, देठासकट असेल तो लच्छा, लच्छा स्वस्त असतो अन् तो लच्छा म्हणूनच विकला तर काही चूक नाही.

वऱ्हाडी_सुगरण: आत्ताच पाहून आली. काड्या पाण्यात टाकल्या न टाकल्या तर पाणी लालभडक, दहा मिनिटात काड्या फिक्कट, सुईनं उलगडलं तर टोक फाटलेलं, दोन काड्या तर पाच पाकळ्यांच्याच. करडईच हाय ती, सासरा पण हसाले लागला. हिंग चमच्यात नुसता करपला, पेटला नाही. पाण्यात घोळला तर दुधाळ झाला पण खाली पिठासारखा थर बसला. वास मात्र चांगला येते.

इतवारीचा_किराणा: मग हिशोब लावू. एक ग्रॅम केसरला साधारण दीडशे फुलं लागतात, प्रत्येक फुलातली टोकं हातानं खुडायची. २०२५ च्या उन्हाळ्यात पाकिस्तान सीमेवरचा अटारीचा रस्ता बंद होऊन बाहेरचं केसर अडलं तेव्हा चांगलं काश्मिरी केसर किलोला पाच लाखांवर गेल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे ग्रॅमला पाचशे. १५० रुपयांत खरं कुठून येईल? तुमच्या डबीत करडई अन् रंग आहे, फुकटही घेऊ नका. हिंग बांधणीच निघाला. तो खायला वाईट असेलच असं नाही, वास आहे म्हणजे चीक काहीतरी आहे, पण साधा बांधणी चांगल्या कंपनीचा ५० ग्रॅम शंभराच्या आसपास पडतो अन् त्यावर घटक छापलेले असतात. ह्याचे १०० ग्रॅमचे तीनशे म्हणजे विनालेबल मालाला दीडपट भाव. खरा खडा हिंग घ्यायचा तर दहा ग्रॅमचेच दोनशे-तीनशे मोजावे लागतात, म्हणून १०० ग्रॅम तीनशेत म्हणणाऱ्याला तिथंच ओळखा.

गावची_सिस्टर: सुनेला दुधात दोन-तीन काड्या बस, त्याही डॉक्टरला विचारून. केसरनं बाळ गोरं होतं असं काही नाही, तेवढ्यासाठी पैसे घालू नका. एक ग्रॅममध्ये काड्या चारेकशे असतात, डोहाळजेवणाला खीर करूनही उरेल.

वऱ्हाडी_सुगरण: सिस्टर, गोरं-काळं आम्ही म्हणत नाही हो, सुनेले वासच आवडते. मग दारव्ह्याहून एक ग्रॅम सीलबंद घेतो. इराणी स्वस्त दिसते, ते घ्यावं का?

इतवारीचा_किराणा: इराणी म्हणजे नकली नव्हे, खरं इराणीही रंगाला जोरदार असतं. खोट तेव्हा, जेव्हा इराणी माल काश्मिरी म्हणून काश्मिरीच्या भावात देतात. काश्मिरीला २०२० पासून भौगोलिक मानांकन आहे, डबीवर ते शोधा.

पक्का_खवय्या: पण चवीला काश्मिरीच भारी.

इतवारीचा_किराणा: काही जणांना वाटतं तसं. माझ्या घरी ह्यावरून भांडण चालू आहे.

काळी_माती_यवतमाळ: अन् वडाभातावर जे हिंगाचं तेल घालता ते खड्याचं का बांधणीचं?

वऱ्हाडी_सुगरण: आमच्याकडं बांधणीचंच, गरम तेलात चिमूट टाकली की लगेच गॅस बंद, नाही तर खाली बसून करपते. खड्याचं कोणी करत असेल तर प्रमाण सांगा, मी बी पाहीन करून.