मदत हवी आहे: नववीला ‘लास्ट जजमेंट’ कसं दाखवू?

नववीला मायकेलअँजेलोचं ‘लास्ट जजमेंट’ हे सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवरचं, नग्न आकृत्यांचं चित्र शिकवायचंय. मुलंमुली एकत्र, मुख्याध्यापकांची हरकत नाही, पण गेल्या वर्षी काही पालकांनी तक्रार केली होती. चित्र धूसर करून दाखवलं, तर पोरं त्या धूसर ठिपक्यालाच हसत बसली! वगळायचं मात्र नाही.

आता ही झाकपाकच शिकवावी म्हणते. १५६५ मध्ये चित्रकार दानिएले दा व्होल्तेर्राने नग्न आकृत्यांवर वस्त्रं रंगवली. संत कॅथरिनचा तर गिलावा खरवडून ती नव्याने रंगवली, त्यामुळे तिचं मूळ रूप भिंतीवर परत येणं शक्यच नाही. चित्रकार व्हेनुस्तीने १५४९ मध्ये केलेल्या या चित्राच्या प्रतीत ते दिसतं.

आधी आजची भिंत दाखवू की ती प्रत? आणि पालकांना आधी चिठ्ठी पाठवत असाल, तर तिच्यात नेमकं काय लिहिता?