‘नमुना अपुरा’ म्हणजे काय?

> आईची पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली, आता डाग दिसले. बायोप्सीत ‘नमुना अपुरा’ आलं, म्हणून हिस्टेरोस्कोपी सांगितलीय. खूप दुखेल का?

‘अपुरा’ म्हणजे कॅन्सर नाही, पण सगळं ठीक आहे असंही नाही. माझं तेच झालं होतं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ९ मिमी होतं. बायोप्सीत बारीक प्लास्टिकची नळी गर्भाशयात घालून आतला दट्ट्या ओढतात आणि अस्तराचे कण शोषून घेतात. मिनिटभरच, पण पाळीच्या कळेपेक्षा जोराची कळ आली. ही नळी न बघता फिरते, त्यामुळे पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली मऊ गाठ, बाजूला सरकून निसटू शकतो.

हिस्टेरोस्कोपीत बारीक दुर्बीण घालतात आणि सलाइन सोडून गर्भाशय फुगवतात. फुगवताना ओटीपोटात पिळवटतं. शुद्धीत करणार असतील तर तासभर आधी वेदनाशामक घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. सहन झालं नाही तर थांबवायला सांगता येतं. भूल देऊनही करतात. माझा पॉलिप दिसला, तिथेच काढला. रिपोर्टमध्ये ‘बिनाइन पॉलिप, नो एटिपिया’ होतं, म्हणजे साधी गाठ, पेशींत संशयास्पद बदल नाही. ‘एटिपिया’ आहे असं आलं तर मात्र पुढचे उपचार लांबवू नका.

नंतर थोडे दिवस डाग लागतात. ताप, दुर्गंधी किंवा वाढता रक्तस्राव दिसला तर लगेच दाखवा.