मदत हवी आहे: 'कपडे तयार आहेत' हा मेसेज कसा लिहू?

माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. परवा एका ताईंना नुसतं 'ब्लाउज तयार आहेत' असं कळवलं. त्यांनी दुपारी तीनला मुलाला पाठवलं, तेव्हा शटर खाली. संध्याकाळी तो परत आला, तर बाकीचे पैसेच आणले नव्हते. वर फोनवर, "फॉल-पिकोचे वेगळे कधी सांगितलेत?" चूक माझीच, पावतीवर नंतर वाढवले होते.

आता असं लिहिलंय:

"नमस्कार ताई, पावती क्र. २१४. तुमचे अस्तराचे २ ब्लाउज आणि फॉल-पिकोची साडी तयार आहे. शिलाई १३०० + फॉल-पिको १५० = १४५० रु. ॲडव्हान्स ५०० जमा, बाकी ९५० रु. वेळ: सकाळी ११ ते २, संध्याकाळी ५ ते ८.३०. सोमवारी बंद. दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर पावती द्या."

जुन्या गिऱ्हाइकांना बाकीचा आकडा असा तोंडावर मारल्यासारखा वाटेल का? तो शेवटी टाकू? आणि 'इथेच घालून बघा, दंडात घट्ट झाला तर लगेच उसवून देते' हे यातच लिहू की आल्यावर सांगू? मार्जिन अर्धा इंच ठेवते, पण घरी धुतल्यावर तक्रार आली की वाद होतो.